चुणीवरचा आकडा

टेनिस बॉलच्या स्पर्धांचा हंगाम जवळ आला की गावोगावच्या डिझायनरकडे एकच काम वेगवेगळ्या तोंडांनी येऊ लागतं. लिलाव झालेला असतो. एखादा खेळाडू दुसऱ्या संघात गेलेला असतो, किंवा त्याच संघात राहून त्यानं आकडा बदलून मागितलेला असतो. नव्या जर्सी छापून यायला आठवडा आहे आणि फ्लेक्स मात्र परवा चौकात लागायचा आहे. हाताशी असतो तो गेल्या हंगामातला फोटो. त्यात खेळाडू पाठमोरा आहे, बॅट उंचावलेली आहे आणि पाठीवर जुनं नाव नि जुना आकडा आहे. ‘तेवढं नाव-नंबर बदलून द्या’ असं सांगून माणूस चहाला जातो. काम अर्ध्या तासाचं वाटतं, आणि बहुतेक ठिकाणी ते तेवढ्याच वेळात उरकलंही जातं. मग चौकातल्या फ्लेक्सवर खेळाडूच्या पाठीवर आकडा दिसत नाही, आकड्याचं स्टिकर दिसतं.

ते तसं का दिसतं आणि तसं दिसू नये म्हणून नेमकं काय करावं लागतं, याविषयी हे पुस्तक आहे. विषय लहान आहे, पण त्यात कापड, छपाई, ऊन आणि कॅमेरा हे चारही एकत्र येतात, आणि त्यातलं एक विसरलं की काम फसतं. पुढची प्रकरणं एकेक पायरी सावकाश दाखवतील. या प्रस्तावनेत मला त्या सगळ्यांच्या मुळाशी असलेली गोष्ट एका फोटोवर सांगायची आहे.

कापडाला चुणी पडते तेव्हा त्यावर छापलेल्या आकड्याचं तीन प्रकारे काहीतरी होतं. पहिलं म्हणजे उजेड बदलतो. चुणीचा एक उतार उन्हाकडे तोंड करतो आणि उजळतो, दुसरा पाठ फिरवतो आणि काळवंडतो. दुसरं म्हणजे आकडा सरकतो. सपाट असताना सरळ असलेली कड उतारावर तिरपी होते, पलीकडे पुन्हा वळते. तिसरं म्हणजे आकड्याचा काही भाग दिसेनासाच होतो. चुणी खोल असेल तर कापड स्वतःवरच दुमडतं, आणि त्या दुमडीत गेलेलं छापील शाईचं क्षेत्र कॅमेऱ्याला दिसतच नाही. घाईच्या कामात यातली फक्त पहिली गोष्ट होते. नवा आकडा वर ठेवला, लेयर मल्टिप्लाय केला, सावल्या आरपार दिसल्या आणि काम झालं असं वाटलं. पण सावली वाकडी आणि कड सरळ, हे डोळ्याला लगेच खटकतं. काय खटकतंय ते बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण आकडा कापडाचा नाही हे त्याला कळतं.

पुस्तकभर जो फोटो वापरला आहे तो असा. गडद निळी जर्सी, पांढरं नाव आणि पांढरा आकडा, दोन्ही देवनागरीत. वर ‘आबा’, खाली ‘६३’. नव्या हंगामात तिथे ‘पैलवान’ आणि ‘४७’ हवं आहे. अर्धशतक झाल्यावर फलंदाजानं उजव्या हातानं बॅट उंचावली आहे, त्यामुळे शर्ट उजव्या खांद्याकडे ओढला गेलाय आणि तिथून लांबट, ताणलेल्या चुण्या डाव्या कमरेकडे उतरतात. दुपारनंतरचं ऊन डावीकडून येतंय. पाठीच्या कण्यावर घामाचा लांब ओला पट्टा आहे. फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा आणि पाठ साधारण १४०० पिक्सेल रुंद. म्हणजे प्रत्यक्ष कापडावरचा एक सेंटिमीटर इथे अंदाजे २८ पिक्सेलचा पडतो. हे माप सुरुवातीलाच काढून कागदावर लिहून ठेवावं. पुढे ‘थोडंसं सरकव’ म्हणजे किती, हा प्रश्न आला की तेच उपयोगी पडतं. पंचवीस सेंटिमीटर उंचीचा आकडा इथे ७०० पिक्सेलचा आहे, नावाची अक्षरं १७० पिक्सेलच्या आसपास.

काम सुरू करण्याआधी जर्सीवरची छपाई ओळखावी लागते, आणि हीच पायरी सर्रास गाळली जाते. संघाच्या जर्सी बहुतेक सब्लिमेशनच्या असतात. कागदावर छापलेला रंग सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या उष्णतेनं वायू होऊन पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरतो. या पद्धतीत पांढरा रंग छापताच येत नाही. गडद निळ्या जर्सीवरचा पांढरा आकडा म्हणजे रंग न लागलेलं मूळ पांढरं कापड. छापलेला आहे तो त्याच्या भोवतीचा निळा. म्हणून अशा आकड्याची वीण, जाळी, चमक, चुण्या सगळं आजूबाजूच्या कापडासारखंच असतं, आणि कापड जिथे फार ताणलं जातं तिथे निळ्यातूनही पांढरट धागा डोकावतो.

तयार टी-शर्ट आणून त्यावर नाव-आकडा चिकटवलेला असेल तर गोष्ट निराळी. तो उष्णतेनं दाबलेला विनाइलचा पातळ थर असतो. त्याला स्वतःची जाडी आहे, कडेला बारीक सावली आहे, उन्हात स्वतःची चमक आहे. कापडाच्या बारीक सुरकुत्या त्याच्याखाली दबून जातात; तो फक्त मोठ्या चुण्यांबरोबर वळतो, आणि वळतानाही जरा बोजडपणे. जुन्या जर्सीवर त्याला तडे गेलेले असतात. सब्लिमेशनच्या फोटोत विनाइलसारखा गुळगुळीत आकडा बसवला किंवा विनाइलच्या जागी विणीसकट वळणारा आकडा बसवला, तर चुण्या कितीही नीट पाळल्या तरी आकडा परका वाटतो. फोटो दोनशे टक्के मोठा करून आकड्याच्या मधोमध पाहा. कापडाची वीण आकड्यातून अखंड जाताना दिसली तर सब्लिमेशन. कडेपाशी थांबली तर विनाइल. आपल्या फोटोत ती अखंड जाते.

आता मुख्य गोष्ट. जुना आकडा आपल्याला नको आहे म्हणून तो पुसायची घाई होते. पण त्या कापडावर चुण्या कशा पडल्या आहेत याचा सर्वांत खात्रीचा पुरावा तोच आहे. मूळ ६ आणि ३ सपाट असताना कसे होते हे आपल्याला माहीत आहे, किंवा सहज मिळवता येतं. जर्सी छापणाऱ्याकडे कोरलड्रॉची फाइल असते, ती मागावी. अक्षरवळण ओळखण्यात वेळ घालवण्यापेक्षा तो एक फोन बरा. फाइल नाहीच मिळाली तर त्यातल्या त्यात जवळचं वळण घेऊन फरक हातानं दुरुस्त करायचा. सपाट आकडा आणि फोटोतला आकडा यांच्यात जो फरक आहे तो कापडानं केलेला आहे. तो फरक एकदा हाती आला की कोणताही आकडा त्याच कापडावर बसवता येतो.

म्हणून आमची पद्धत उलट्या बाजूनं सुरू होते. आधी नवा आकडा नाही, जुनाच आकडा पुन्हा बसवायचा. भरपूर मोकळी जागा असलेल्या कॅनव्हासवर सपाट ‘आबा ६३’ तयार करायचं. मोकळी जागा अशासाठी की पुढे ‘पैलवान’ तिथेच मावला पाहिजे. त्याचं स्मार्ट ऑब्जेक्ट करायचं, फोटोवर ठेवायचं, अर्धपारदर्शक करायचं आणि `Edit > Transform > Warp` नं जुन्या छपाईवर तंतोतंत जुळेपर्यंत वाकवायचं. फोटोशॉप २०२० पासून वॉर्पच्या जाळीत हव्या तिथे आडव्या-उभ्या रेषा वाढवता येतात. त्या चुणीच्या माथ्यापाशी आणि तळापाशी टाकाव्यात, उगीच सगळीकडे नको. जाळी जितकी दाट तितका आकडा लाटेसारखा हेलकावतो, आणि ताणलेलं कापड हेलकावत नाही. ते सरळ उतरतं आणि एकदम वळतं.

इथे देवनागरीचा एक मोठा फायदा आहे, जो रोमन अक्षरांच्या जर्सीवर मिळत नाही. शिरोरेषा नावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जाते. छापताना ती सरळ होती याची आपल्याला पक्की खात्री असते, त्यामुळे फोटोत ती जिथे जिथे वर चढली, खाली आली किंवा तुटली, तिथे तिथे कापडानं काय केलं ते थेट मोजता येतं. आपल्या फोटोत ‘आबा’ची शिरोरेषा डावीकडे जवळपास आडवी आहे, मग उजव्या खांद्याकडे चढत जाते आणि एका चुणीपाशी बारा पिक्सेलचा झोल खाते. ते बारा पिक्सेल म्हणजे कापडावरचे चार-पाच मिलिमीटर. नव्या नावाची शिरोरेषा तिथे तेवढाच झोल खाल्ल्याशिवाय खरी दिसणार नाही. आकड्यांवर अशी सोय नाही. ६ आणि ३ दोन्ही गोलाईचे, गोलाईत थोडा फरक खपून जातो, आणि म्हणून चूकही लपून राहते.

वॉर्प करताना एक जागा अशी येते की काही केल्या जुळत नाही. ३ चा वरचा भाग जुळवला की खालचा निसटतो, खालचा जुळवला की वरचा. तो आपल्या हाताचा दोष नसतो. तिथे उजव्या काखेखालून आलेली खोल चुणी आहे आणि तिनं कापडाची एक पट्टी गिळली आहे. वरचा अर्धा स्वतंत्र जुळवायचा, खालचा अर्धा स्वतंत्र जुळवायचा आणि मधला फरक मोजायचा. आपल्या फोटोत तो साधारण ५० पिक्सेल, म्हणजे पावणेदोन सेंटिमीटर भरला. एवढं कापड दुमडीत आहे. कितीही ताणलं तरी वॉर्प ही गोष्ट करू शकत नाही, कारण वॉर्प कापड वाकवतो, लपवत नाही. यावर उपाय म्हणजे स्मार्ट ऑब्जेक्टच्या दोन प्रती. `Ctrl+J` नं काढलेली प्रत आतून मूळ ऑब्जेक्टशी जोडलेली राहते, त्यामुळे आतला मजकूर एकदा बदलला की दोन्हीकडे बदलतो. `New Smart Object via Copy` नं काढलेली प्रत मात्र वेगळी पडते, ती इथे नको. एक प्रत चुणीच्या वरच्या कडेपर्यंत मास्क करायची, दुसरी खालच्या कडेपासून. दोघींमधले ५० पिक्सेल कायमचे गेले. उद्या तिथे ७ आला की त्याचाही तेवढाच भाग जाणार, आणि तो जायलाच हवा.

जुना आकडा जुळला की त्याला लपवून ठेवायचं आणि मगच फोटोतली छपाई घालवायची. इथेही ‘पुसणं’ हा शब्द डोक्यातून काढावा. कंटेंट-अवेअर फिल दिलं की फोटोशॉप शेजारचं निळं कापड आणून खड्डा भरतं, आणि त्या कापडाबरोबर शेजारच्या चुण्याही येतात. खांद्यापासून कमरेपर्यंत जाणारी चुणी मध्येच थांबते, आणि तिच्या शेजारी एक अनोळखी चुणी उगवते. क्लोन स्टॅम्पनं सातशे पिक्सेलचा आकडा झाकायला गेलं तरी तेच होतं. खरं तर त्या पांढऱ्या भागात चुण्या आहेतच, फक्त पांढऱ्या रंगात आहेत. मग रंग तेवढा बदलावा.

कसा, तो हिशोब एकदा नीट पाहू. उन्हातल्या पांढऱ्या आकड्याचं मूल्य लाल, हिरवा, निळा या क्रमानं २२६, २२८, २३२ आहे. अगदी शेजारच्या, त्याच उतारावरच्या निळ्या कापडाचं ३०, ४४, ९६. निळ्याला पांढऱ्यानं भागून २५५नं गुणलं की ३४, ४९, १०६ येतं. या रंगाचा सॉलिड कलर लेयर घ्यायचा, त्याला मल्टिप्लाय लावायचं आणि जुन्या आकड्याच्या आकाराचा मास्क द्यायचा. तो आकार आपल्याकडे आत्ताच जुळवलेल्या स्मार्ट ऑब्जेक्टमधून तयार मिळतो. उन्हातला पांढरा ३०, ४४, ९६ होतो. सावलीतला पांढरा, जो १५०, १५८, १७८ होता, तो २०, ३०, ७४ होतो, आणि शेजारच्या सावलीतल्या निळ्याशी जुळतो. प्रत्येक चुणी जागच्या जागी, विणीसकट राहते. क्लोन स्टॅम्प लागतो तो फक्त कडेच्या तीन-चार पिक्सेलच्या पांढरट रेषेपुरता.

हे दोन ठिकाणी चालत नाही. पांढरा भाग उन्हात जळून २५५ झाला असेल तर तिथे चुणीची माहितीच उरलेली नाही. निळा केला तरी तो सपाट ठिपका दिसेल, आणि तेवढ्या जागेपुरतं शेजारचं कापड आणावंच लागेल. दुसरं म्हणजे विनाइल. त्याची चमक कापडाच्या चमकेपेक्षा वेगळी असते, त्यामुळे निळा केल्यावर आकड्याच्या जागी तेलकट डाग पडल्यासारखं दिसतं. म्हणून छपाई आधी ओळखायची.

आता कोरी निळी पाठ मिळाली. नव्या आकड्याचं काम सुरू होतं तेव्हा सगळे जण डिस्प्लेसमेंट मॅपकडे धावतात, आणि त्याबद्दल मी जरा विस्तारानं लिहिणार आहे, कारण या साधनाबद्दल गैरसमज फार आहेत. `Filter > Distort > Displace` एका करड्या चित्राकडे पाहून आकड्याचे पिक्सेल सरकवतो. हे करडं चित्र `.psd` म्हणून वेगळं साठवलेलं असावं लागतं. १२८ ही मधली करडी छटा म्हणजे जागच्या जागी. त्याहून काळं एका दिशेला ढकलतं, त्याहून पांढरं विरुद्ध दिशेला. स्केल १०० असेल तर जास्तीत जास्त १२८ पिक्सेल, म्हणजे १० ला सुमारे १३. आपल्या शिरोरेषेचा झोल १२ पिक्सेलचा होता, तेव्हा १० पासून सुरुवात करणं योग्य. मोजलेलं माप हाताशी असलं की आकडा अंदाजानं टाकावा लागत नाही.

पण हा मॅप उजेडावरून बनतो, आणि उजेड म्हणजे खोली नव्हे. डावीकडून आलेल्या उन्हात चुणीचा डावा उतार पांढरा आणि उजवा काळा. दोघांची उंची मात्र सारखीच. उन्हाच्या दिशेनं जाणारी चुणी उजेडात जवळपास दिसतच नाही, तरी ती कड सरकवते. आणि आपल्या फोटोतला घामाचा पट्टा! ओलं कापड काळं दिसतं, फिल्टरला ती दरी वाटते, आणि ४ व ७ यांच्या मधल्या कडा त्या नसलेल्या दरीत घसरतात. म्हणून मॅप बनवताना घामाचा पट्टा कर्व्ह्जनं आजूबाजूइतका उजळून घ्यायचा. जुना पांढरा आकडा तसाच ठेवून मॅप बनवला तर तो आकडाच डोंगर ठरतो, आणि नव्या आकड्यावर जुन्याचं भूत उमटतं. मॅप नेहमी कोऱ्या केलेल्या पाठीवरूनच बनवावा. तो गॉशियन ब्लरनं दोन-तीन पिक्सेल मऊ करावा, नाहीतर जाळीचा प्रत्येक ठिपका कडेला दात पाडतो आणि आकडा करवतीनं कापल्यासारखा दिसतो.

दिशेचंही असंच. साधा करडा मॅप आडवं आणि उभं एकाच वेळी सरकवतो. दोन्ही स्केल १० ठेवले की सरकणं तिरप्या दिशेनं होतं, वरच्या डाव्या कोपऱ्याकडून खालच्या उजव्या कोपऱ्याकडे. कापड चुणीच्या आडव्या दिशेनं सरकतं. आपल्या चुण्या वर उजवीकडून खाली डावीकडे येतात, त्यामुळे ही दिशा इथे बरोबर पडते. फलंदाज डावखुरा असता आणि त्यानं डावा हात उंचावला असता, तर याच सेटिंगनं आकडा चुणीच्या लांबीकडे सरकला असता आणि कडेला वळण दिसलंच नसतं. तेव्हा एका स्केलला उणे चिन्ह द्यावं लागतं. फिल्टर ‘काम करत नाही’ म्हणून सोडून देणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच अडकलेले असतात.

या मर्यादा पाहता मी डिस्प्लेसला दुय्यम जागा देतो. मोठं वळण वॉर्पनं, जुन्या आकड्यावरून मोजलेलं. दुमडीत गेलेला भाग मास्कनं. डिस्प्लेस फक्त मधल्या बारीक थरथरीसाठी, स्मार्ट फिल्टर म्हणून, म्हणजे केव्हाही कमी-जास्त करता येईल.

राहिला उजेड. कोऱ्या निळ्या पाठीवरची सावली पांढऱ्या आकड्यावर आणायची म्हणजे मघाचा हिशोब उलटा करायचा, असं वाटेल. पण ३० चं २२६ करायचं म्हणजे साडेसात पट. निळ्यातला दोन पायऱ्यांचा खरखरीतपणा पांढऱ्यात पंधरा पायऱ्यांचा होतो, आणि जेपीईजीचे चौकोनही उघडे पडतात. म्हणून सावली निळ्या चॅनलमधून घ्यावी. एरवी तो सगळ्यांत खरखरीत समजला जातो, पण गडद निळ्या कापडावर उजेडाची माहिती त्यातच जास्त असते. ९६ चं २३२ म्हणजे अडीच पटीहूनही कमी. तो तीन-चार पिक्सेल ब्लर करायचा, लेव्हल्सनं उजळ भाग पांढऱ्यापर्यंत आणायचा आणि आकड्यावर मल्टिप्लायमध्ये ठेवायचा. आकडा स्वतः २५५ कधीच नसावा. जुन्या आकड्याचं २२६, २२८, २३२ हेच त्याचं उन्हातलं मूल्य. सावलीत किंचित निळी झाक हवी, कारण सावलीला उजेड येतो तो आकाशाचा. ब्लरमुळे गेलेली वीण आणि कॅमेऱ्याचा खरखरीतपणा मग वेगळ्या थरात परत द्यायचा. कडही तपासायची. जुन्या आकड्याची कड तीन-चार पिक्सेलमध्ये पांढऱ्याची निळी होत होती. नव्या आकड्याची एका पिक्सेलमध्ये होत असेल तर तो कात्रीनं कापून ठेवल्यासारखा दिसणार. साधारण एका पिक्सेलचा ब्लर तिला पुरतो.

हे सगळं बरोबर जमलं की नाही हे कसं कळणार? अजून स्मार्ट ऑब्जेक्टच्या आत ‘आबा ६३’ च आहे, हे लक्षात घ्या. म्हणजे आपण बनवलेला जुना आकडा आणि कॅमेऱ्यानं टिपलेला जुना आकडा, दोन्ही आपल्याकडे आहेत. मूळ फोटो वरच्या थरात ठेवून ब्लेंडिंग डिफरन्स करा. दोन्ही सारखे तिथे काळं दिसतं. कडेला उजळ रेष दिसली तर वॉर्प चुकला. आतल्या भागात राखाडी ढग दिसले तर सावली कमी किंवा जास्त आहे. सगळीकडे सारखीच राखाडी झाक असेल तर पांढऱ्याचं मूल्य चुकलं. एकेक दुरुस्त करत आणायचं. पूर्ण काळं कधीच होत नाही, खरखरीतपणा वेगळा असतोच. पण कडांच्या रेषा मिटल्या आणि ढग विरले की स्मार्ट ऑब्जेक्ट उघडायचं, ‘आबा ६३’ खोडून ‘पैलवान ४७’ लिहायचं आणि साठवायचं. नवा मजकूर त्याच चुण्यांतून, त्याच दुमडीत शिरून, त्याच उन्हात उभा राहतो. या कामात याच्याइतका समाधानाचा क्षण मला दुसरा माहीत नाही.

तरी दोन गोष्टी उरतात. ‘पैलवान’ हा ‘आबा’पेक्षा लांब आहे, दोन्ही टोकांना तो अशा कापडावर जातो जिथे जुन्या नावाचा पुरावा नव्हता. तिथे वॉर्पची जाळी नुसती पुढे ताणून चालत नाही. बाहीच्या जोडाची शिवण, बाजूची पट्टी, प्रायोजकाचं नाव, जे काही मूळचं सरळ असेल त्याच्यावरून वळण वाचावं लागतं. तसंच ‘पै’ ची मात्रा शिरोरेषेच्या वर जाते आणि कॉलरखालच्या शिवणीला भिडते. जर्सी छापणाऱ्यानं तिथे नाव जरा खाली घेतलं असतं, आपणही घ्यावं. दुसरी गोष्ट जुन्या आकड्यावरच अवलंबून आहे. जुना आकडा इंग्रजी ‘11’ असता तर दोन बारीक उभ्या रेघांपलीकडे काहीच पुरावा नसता. असे फोटो अंदाजानं होतात, आणि अंदाजानं केलेलं काम फ्लेक्सवर दुरून चालतं. जवळून पाहायच्या छापील पोस्टरला मी ते देत नाही.

या कौशल्याची हद्दही इथेच सांगून ठेवतो. संघाच्या संमतीनं, येणाऱ्या हंगामाच्या जाहिरातीसाठी खेळाडूच्या पाठीवर नवा आकडा बसवणं आणि झालेल्या सामन्याच्या फोटोत आकडा बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पालघरच्या शार्दुल ठाकूरनं ऑगस्ट २०१७ मध्ये श्रीलंकेत पहिला एकदिवसीय सामना खेळला तो १० क्रमांकाच्या जर्सीत. सचिनचा आकडा दुसऱ्याच्या पाठीवर पाहून लोक संतापले, आणि पुढे ठाकूर ५४ घालून खेळू लागला. त्या दौऱ्यातल्या फोटोंत १० आहे, आणि तो १० च राहिला पाहिजे. एखाद्या चाहत्याच्या हौसेसाठी तिथे ५४ बसवला तर त्या वादाचा पुरावाच नाहीसा होतो. गावच्या सामन्यालाही हेच लागू. धावफलकाच्या वहीत, यूट्यूबवरच्या प्रक्षेपणात आणि पंचांच्या आठवणीत खेळाडू आकड्यानं ओळखला जातो. झालेल्या सामन्याचा फोटो बातमीसाठी किंवा तक्रारीसाठी मागितला गेला तर मूळ फाइलच द्यायची.

म्हणून आमच्याकडे मूळ फोटो कधीच ओव्हरराइट होत नाही, आणि बदललेल्या फाइलच्या नावात हंगामाचं साल आणि ‘बदल’ हा शब्द असतोच. पहिल्या प्रकरणात हाच फोटो, हेच माप आणि ‘आबा ६३’ ची सपाट फाइल घेऊन सुरुवात केली आहे. वाचताना आपल्या जवळचा एखादा पाठमोरा फोटो उघडून ठेवावा. निळा-पांढरा असला तर उत्तम, आणि जुना आकडा त्यावर शाबूत असावा.